अधिकारपत्रात ‘कागद घेणे’ आणि ‘सही करणे’ वेगवेगळं लिहा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सहा वर्षं देखभाल अभियंता म्हणून काम केलेला एक जण नोकरी सोडून चाकणला रुजू होतो. नवी नोकरी, प्रोबेशन चालू, रजा मागायची सोय नाही. जुन्या कंपनीतून चार कागद यायचे आहेत: कार्यमुक्तीपत्र, अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि फुल अँड फायनलचा तक्ता. एचआरमधून फोनवर उत्तर मिळतं, “कोणालातरी पाठवा, सोबत ऑथॉरिटी लेटर द्या.” मग तो घाईघाईत एक ओळ लिहितो:

“मी माझे सहकारी श्री. अमुक यांना माझ्या वतीने सर्व कागदपत्रे स्वीकारण्यास व आवश्यक तेथे सही करण्यास अधिकार देत आहे.”

हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अधिकारपत्रात दिसतं. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणाऱ्या नमुन्यातही तेच असतं. त्यातले दोन शब्दप्रयोग घातक आहेत, ‘सर्व कागदपत्रे’ आणि ‘आवश्यक तेथे सही’. आस्थापना विभागात काम करताना अशी पत्रं माझ्या टेबलावर रोज येत, आणि पुढे वाद झाला तर तो बहुतेक वेळा याच दोन शब्दांवरून होत असे. म्हणून या लेखात मी अधिकारपत्राचे सगळे प्रकार घेत नाही. वरचीच एक केस घेऊन ते पत्र कसं लिहायचं, तेवढंच सविस्तर सांगतो.

सही कोणत्या कागदावर होणार?

सहकारी खिडकीवर जातो तेव्हा त्याच्यासमोर एकच कागद येतो असं नाही. या केसमध्ये तीन येऊ शकतात. पहिला जावक नोंदवही किंवा पोचपावती, म्हणजे ‘अमुक कागद मिळाले’ एवढंच. दुसरा फुल अँड फायनलचा तक्ता. त्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात ‘वरील हिशेब तपासला व मान्य’ असं छापलेलं असतं आणि सहीसाठी रेघ असते. तिसरा ‘नो ड्यूज’चा कागद: ‘माझे कंपनीकडून कोणतेही येणे बाकी नाही व कोणतीही तक्रार नाही.’

पहिल्या कागदावरची सही म्हणजे नुसती पोच. दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदावरची सही म्हणजे कबुली. ‘आवश्यक तेथे सही’ असं तुम्ही लिहून दिलं असेल तर खिडकीवरचा माणूस तिन्ही कागद पुढे सरकवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आवश्यक काय आहे ते त्याने ठरवलं, कारण पत्रात तुम्ही ठरवलेलं नव्हतं.

यामागचा कायदा जुना आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधल्या दहाव्या प्रकरणात, कलम १८२ पासून पुढे, दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या प्रतिनिधीचे नियम दिले आहेत. कलम १८८ प्रमाणे एखादं काम करण्याचा अधिकार दिला की ते काम पार पाडायला लागणारी प्रत्येक कायदेशीर गोष्ट करण्याचा अधिकार त्यासोबतच जातो. म्हणजे ढोबळ शब्द वापरले तर अधिकार आपसूक पसरतो. त्याही पुढे, कलम २३७ सांगतं की प्रतिनिधीने अधिकाराबाहेर काही केलं, पण त्याला तो अधिकार आहे असा समोरच्याचा समज तुमच्याच शब्दांनी किंवा वागण्याने झाला असेल, तर ते कृत्य तुम्हाला बांधील ठरतं. घरगुती वाटणाऱ्या एका पानाला इतकं वजन आहे, म्हणून त्यात काय दिलं याच्या जोडीने काय दिलेलं नाही हेही लिहायला लागतं.

आपल्या अभियंत्याच्या बाबतीत हे प्रत्यक्ष कसं लागू पडेल ते पाहा. त्याच्या नोंदीप्रमाणे शिल्लक अर्जित रजा २२ दिवसांची. तक्त्यात रजेचे पैसे १४ दिवसांचे लावलेले. सहकाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. तो रेघेवर सही करून मोकळा होतो. दोन आठवड्यांनी अभियंता आठ दिवसांचा फरक विचारतो तेव्हा समोरून तोच कागद येतो: “तुमच्या प्रतिनिधीने हिशेब मान्य केलाय.” त्याचा हक्क तेवढ्याने संपत नाही, पण साध्या ई-मेलने सुटणारी गोष्ट आता पत्रव्यवहारावर जाते आणि पुरावा उलटा त्याच्याकडे मागितला जातो.

लिहिण्याआधी एक फोन, एक ई-मेल

पत्र लिहायला बसण्यापूर्वी त्या कार्यालयाला चार गोष्टी विचारा. कोणकोणते कागद तयार आहेत, त्यांची नावं तुमच्या कार्यालयात नेमकी काय लिहिली जातात, अधिकारपत्राचा तुमचा ठरलेला नमुना आहे का, आणि पोच म्हणून सही कशावर घेणार?

चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ‘सहकाऱ्याला ज्या कागदावर सही करावी लागेल त्याची कोरी प्रत कृपया ई-मेलने पाठवावी’ एवढी एक ओळ पुरते. प्रत आली तर काय वगळायचं ते तुम्हाला आधीच कळतं. आली नाही तरी तुम्ही विचारल्याची लेखी नोंद राहते.

‘कागद तयार आहेत का’ हेही नीट विचारा, कारण यादीत नसलेला कागद घालणं हीसुद्धा अडचण होते. उदाहरणार्थ फॉर्म १६. नोकरी वर्षाच्या मध्येच सोडली असेल तर तो त्या दिवशी मिळत नाही, आर्थिक वर्ष संपल्यावर तयार होतो. तरी लोक यादीत ‘फॉर्म १६’ टाकतात, सहकारी यादीखाली सही करतो, आणि न मिळालेल्या कागदाची पोच दिली जाते. जे त्या दिवशी हातात पडणार आहे तेवढंच यादीत ठेवा. उरलेल्यासाठी नंतर दुसरं पत्र देता येतं.

कार्यालयाचा छापील नमुना असेल तर तोच वापरावा लागतो. अशा वेळी ‘सर्व आवश्यक कागदपत्रांवर सही’ ही छापील ओळ पेनाने खोडून तिथे मर्यादित मजकूर लिहा आणि खोडलेल्या जागी बाजूला तुमची छोटी सही करा. जागा पुरत नसेल तर ‘अधिकाराची मर्यादा सोबतच्या पत्रात नमूद केल्याप्रमाणे’ असं लिहून स्वतंत्र पान जोडा.

पाठवायचं कोणाला?

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. साधारणपणे लोक त्याच कंपनीत अजून कामाला असलेल्या मित्राला सांगतात, कारण तो रोज तिथेच असतो, गेट पासची भानगड नाही. पण तो ज्या एचआरकडून तुमचे कागद घेणार आहे त्याच एचआरच्या हातात त्याची वेतनवाढ आहे. “अरे, इथे पण सही कर ना,” असं म्हटल्यावर नाही म्हणणं त्याला जड जातं. शक्य असेल तर त्या कंपनीशी संबंध नसलेला जुना सहकारी निवडा, सातपूरला किंवा सिन्नरला नोकरीला लागलेला एखादा. तसा कोणी नसेल तर पत्रातलं मर्यादेचं वाक्य आणखी स्पष्ट लिहा. मग त्याला स्वतःहून विरोध करावा लागत नाही, पत्रावर बोट ठेवून “मला याचा अधिकारच नाही दिलेला” एवढं म्हणता येतं. मर्यादेचं ते वाक्य तुमच्याइतकंच त्याचंही रक्षण करतं.

नाव लिहिताना त्याच्या ओळखपत्रावर जसं आहे तसंच लिहा, मधल्या नावासकट. आपण ज्याला वर्षानुवर्षं बाळासाहेब म्हणतो त्याच्या आधार कार्डावर भलतंच नाव असतं, आणि खिडकीवर पहिली तपासणी तिथेच होते. सोबत कोणतं ओळखपत्र आणणार ते लिहा. आधार क्रमांक पूर्ण देऊ नका, शेवटचे चार अंक पुरतात. प्रत जोडायची झाली तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवता येतं, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. ओळखपत्राच्या प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहा: ‘केवळ (कंपनीचे नाव) येथून सेवाविषयक कागदपत्रे घेण्यासाठी’, खाली तारीख आणि सही. अक्षरं छायाचित्राला आणि मजकुराला थोडी स्पर्श करतील अशी लिहा, म्हणजे ती प्रत दुसरीकडे वापरता येत नाही.

ऐनवेळी सहकारी आजारी पडला तर? तो स्वतःच्या भावाला पाठवू शकत नाही. करार अधिनियमाचं कलम १९० साधारणपणे प्रतिनिधीला स्वतःवर सोपवलेलं काम परस्पर दुसऱ्याकडे देऊ देत नाही, आणि खिडकीवरही नाव जुळणार नाहीच. ही शक्यता वाटत असेल तर पत्रातच दोन नावं घाला आणि ‘यांपैकी कोणीही एक’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘व’ लिहिलं तर दोघांनी मिळून यावं असा अर्थ काढला जातो आणि एकट्याला परत पाठवतात.

मजकूर

आता प्रत्यक्ष पत्र. आधी पूर्ण मसुदा देतो, मग त्यातल्या ज्या जागा महत्त्वाच्या आहेत त्यांच्याबद्दल बोलू.

दिनांक : ______

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
(कंपनीचे नाव), अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक.

विषय : माझी सेवाविषयक चार प्रकारची कागदपत्रे प्रतिनिधीमार्फत स्वीकारण्याबाबत अधिकारपत्र.

संदर्भ : आपला दिनांक ______ चा ई-मेल.

महोदय / महोदया,

मी, (पूर्ण नाव), कर्मचारी क्रमांक ______, आपल्या देखभाल विभागातून दिनांक ______ रोजी कार्यमुक्त झालो आहे. सध्या चाकण येथे नोकरीस असल्याने मला समक्ष येणे शक्य नाही. म्हणून (सहकाऱ्याचे पूर्ण नाव), राहणार सिडको, नाशिक, यांना मी या पत्राने केवळ पुढील दोन कामांचा अधिकार देत आहे.

१. खालील कागदपत्रे माझ्या वतीने ताब्यात घेणे :
(अ) कार्यमुक्तीपत्र, मूळ, १ प्रत
(आ) अनुभव प्रमाणपत्र, मूळ, १ प्रत
(इ) (महिना) ते (महिना) या तीन महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या, एकूण ३
(ई) अंतिम हिशेबाचा तक्ता, १ प्रत, माझ्या अवलोकनार्थ

२. वरीलपैकी जी कागदपत्रे प्रत्यक्ष मिळतील त्यांची, संख्या नमूद केलेली पोच सही करून देणे.

अंतिम हिशेब मान्य करणे, येणे बाकी नसल्याचे लिहून देणे, कोणतीही रक्कम अथवा धनादेश स्वीकारणे, तडजोड करणे किंवा यादीबाहेरील कोणत्याही कागदावर माझ्या वतीने सही करणे, यांचा अधिकार या पत्राने दिलेला नाही. अशा कागदांवर सहीची आवश्यकता असल्यास ते माझ्या खालील ई-मेलवर पाठवावेत. तपासून मी स्वतः उत्तर देईन.

हा अधिकार दिनांक ______ ते ______ या कालावधीत एकदाच वापरता येईल व दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवता येणार नाही. प्रतिनिधीची ओळख त्यांच्या मूळ छायाचित्र ओळखपत्रावरून पटवून घ्यावी व त्यांची सही खाली आपल्यासमोर घ्यावी.

आपला विश्वासू,
(सही)
(पूर्ण नाव, मोबाइल, ई-मेल)

प्रतिनिधीची सही (कार्यालयात समक्ष) : ______ दिनांक : ______

सोबत : १) माझ्या ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत, २) प्रतिनिधीच्या ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत.

या मसुद्याचा गाभा दोन वेगवेगळ्या क्रमांकांत आहे. ‘स्वीकारणे व सही करणे’ असं एका दमात न लिहिता, घेणं वेगळं आणि पोच देणं वेगळं. दुसऱ्या मुद्द्यातली ‘जी कागदपत्रे प्रत्यक्ष मिळतील त्यांची’ ही शब्दरचना मुद्दाम आहे. चारपैकी तीनच कागद मिळाले तर सहकाऱ्याला तिघांचीच पोच देता येते, यादी पूर्ण होईपर्यंत थांबावं लागत नाही आणि न मिळालेल्याची पोचही दिली जात नाही.

‘माझ्या अवलोकनार्थ’ हा तक्त्यापुढचा शब्द छोटा असला तरी काम मोठं करतो. तक्ता घेतला तो पाहण्यासाठी, मान्य करण्यासाठी नव्हे, हे त्याने कागदावर येतं. पुढचं ‘अधिकार दिलेला नाही’ हे वाक्य काही जणांना उद्धट वाटतं आणि ते गाळतात. गाळू नका. सौम्यपणा हवा असेल तर तो त्याच्या पुढच्या वाक्यात आहे, ‘कागद मला पाठवावेत, मी उत्तर देईन’. नुसतं नाही म्हटलं की कारकून अडून बसतो. काम पुढे कसं जाईल ते सांगितलं की त्याचीही फाइल अडत नाही.

रक्कम आणि धनादेश मी मुद्दाम बाहेर ठेवले आहेत, कारण पैसे खात्यात येणार असतील तर सहकाऱ्याने त्यात पडायची गरज नाही. धनादेशच घ्यायचा असेल तर तो यादीत स्वतंत्र ओळीवर लिहा: ‘माझ्या नावे काढलेला, रेखांकित व अकाउंट पेयी धनादेश, क्रमांक ______, रक्कम रुपये ______’. अकाउंट पेयी असला की तो तुमच्याच खात्यात भरला जातो. क्रमांक आधी माहीत नसेल तर निदान रक्कम तरी लिहाच. आणि ५,००० रुपयांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, ते सहकाऱ्याच्या खिशात असू द्या. औद्योगिक वसाहतीत दुपारी ते शोधत फिरणं सोपं नसतं. धनादेशाच्या पावतीवर ‘धनादेश वटण्याच्या अधीन राहून’ असं लिहायला सांगा.

मुदत किती ठेवायची? या कामाला आठ-दहा दिवस ठीक आहेत. एकच तारीख घातली आणि त्या दिवशी सही करणारे साहेब नसले तर पत्र वाया जातं. मुदतच न घालणं मात्र टाळा. ‘एकदाच’ हा शब्द ठेवताना लक्षात घ्या की कागद दोन टप्प्यांत मिळणार असतील तर तो अडचणीचा ठरेल, मग ‘यादीतील सर्व कागदपत्रे मिळेपर्यंत, परंतु दिनांक ______ नंतर नाही’ असं लिहा.

दोन सह्या, दोन गावं

पुष्कळ कार्यालयं पत्रावर प्रतिनिधीची नमुना सही मागतात आणि ती तुम्ही साक्षांकित केलेली असावी म्हणतात. तुम्ही चाकणला, तो सिडकोत. अशा वेळी एक वाईट पळवाट काढली जाते: खाली सही केलेला कोरा कागद पाठवायचा, ‘मजकूर तू टाइप करून घे’. हे कधीही करू नका, मित्र कितीही विश्वासातला असला तरी. तो कागद हरवला तर सापडणाऱ्याच्या हातात तुमची सही आणि वर मोकळी जागा जाते.

वरच्या मसुद्यात मी त्यासाठीच प्रतिनिधीची सही ‘समक्ष’ घ्यायला सांगितली आहे. कार्यालय ओळखपत्र पाहून स्वतःच्याच डोळ्यांसमोर सही घेतं, मग आधीची साक्षांकित सही लागत नाही. कार्यालय तरीही अडून बसलं तर क्रम असा ठेवा: पूर्ण मजकूर छापलेलं पत्र सहकारी नाशिकहून सही करून स्पीड पोस्टाने तुम्हाला पाठवतो, तुम्ही त्याच्या सहीशेजारी ‘वरील सही (नाव) यांचीच असल्याचे प्रमाणित करतो’ असं लिहून स्वतःची सही करता आणि पत्र परत पाठवता. चार-पाच दिवस जातात, पण पत्र निर्दोष होतं.

तुमची सही कंपनीच्या नोंदीत जशी आहे तशीच करा. सहा वर्षांपूर्वी रुजू होताना पूर्ण नावाची सही केली असेल आणि आता तुम्ही आद्याक्षरांची करत असाल, तर या पत्रावर पूर्ण नावाचीच करा. शिवाय पत्राची स्कॅन केलेली प्रत तुमच्या नोंदणीकृत ई-मेलवरून आदल्या दिवशी एचआरला पाठवा: ‘सोबतचे अधिकारपत्र मीच दिले आहे, मूळ प्रत घेऊन प्रतिनिधी येत आहेत.’ सहीबद्दल शंका आली तरी या ई-मेलमुळे काम अडत नाही. पत्र दोन पानांचं झालं तर दोन्ही पानांवर सही हवी, नाहीतर यादीचं पान बदलता येतं.

खिडकीवर

सहकाऱ्याला पत्रासोबत हेही समजावून सांगा, फोनवर दोन मिनिटं पुरतात.

पोचेवर त्याने स्वतःचीच सही करायची. तुमची सही गिरवायची नाही, “त्याच्याच नावाची कर रे, कोण बघतंय” असं कोणी म्हटलं तरी नाही. ती बनावट सही ठरते. बरोबर पद्धत अशी: त्याची सही, खाली त्याचं नाव, त्याखाली ‘(तुमचे नाव) यांच्याकरिता, दिनांक ______ च्या अधिकारपत्रान्वये’. पत्राची तारीख पोचेवर आली की पत्रातली मर्यादा त्या पोचेला जोडली जाते.

सही करण्याआधी कागद मोजायचे आणि प्रत्येकावरचं नाव, रुजू व कार्यमुक्त तारीख, पद एवढं तरी वाचायचं. अनुभवाच्या दाखल्यात तारीख चुकली असेल तर ती तिथल्या तिथे दुरुस्त होते, नंतर पंधरवडा जातो. कागद बंद लिफाफ्यात दिले आणि उघडू दिले नाहीत, तर पोचेत ‘एक बंद लिफाफा मिळाला, आतील कागदपत्रे तपासलेली नाहीत’ असं लिहायचं. छापील पोचेत ‘सर्व कागदपत्रे मिळाली’ असेल आणि एक कमी असेल, तर सहीशेजारी हाताने: ‘(अ), (आ) व (ई) मिळाली, (इ) मिळाली नाहीत.’

आणि तो तक्ता. कारकून सरकवून म्हणेल, “इथे एक सही, बास.” सहकाऱ्याने पत्रातला परिच्छेद दाखवायचा. तरीही कागद देत नसतील तर त्याच्यापुढे दोनच वाटा आहेत. ‘मान्य’ हा छापील शब्द खोडू देत असतील तर तो खोडून, वर ‘केवळ प्रत मिळाली, हिशेब मान्य केलेला नाही’ असं लिहून सही करायची आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो घ्यायचा. खोडू देत नसतील तर तक्ता तिथेच ठेवून बाकीचे तीन कागद घेऊन यायचं. तेही अडवले तर सही न करता परत यायचं आणि तुम्हाला कळवायचं. मग तुम्ही त्याच संध्याकाळी ई-मेल करता की प्रतिनिधी अमुक वाजता आला होता, हिशेब मान्य केल्याखेरीज कार्यमुक्तीपत्र देता येणार नाही असं सांगण्यात आलं, हे लेखी कळवावं. तोंडी अडवणूक करणारे बरेच जण लेखी उत्तर द्यायची वेळ आली की कागद देऊन टाकतात.

परतताना त्याने पोचेची एक प्रत मागून घ्यावी, निदान फोटो. मूळ अधिकारपत्र कार्यालय ठेवून घेतं, म्हणून त्याच्या झेरॉक्सवर ‘मूळ प्रत मिळाली’ असा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नये.

हे पत्र कुठे चालत नाही

साधं अधिकारपत्र कागद हातात घेण्यापुरतं असतं. दुय्यम निबंधकाकडे तुमच्या वतीने दस्ताची कबुली द्यायची असेल तर ते चालत नाही, तिथे नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे रीतसर प्रमाणित केलेलं मुखत्यारपत्र लागतं. नोंदणी झालेला दस्त परत घ्यायचा असेल तर मात्र वेगळी सोय आहे: दस्त सादर करताना मिळालेल्या पावतीवरच, दस्त कोणाला द्यावा त्याचं नाव तुम्ही लेखी देऊ शकता. त्याच कायद्याच्या कलम ६१ मध्ये हे आहे. गृहकर्ज फिटल्यावर बँकेकडून मिळणारी घराची मूळ कागदपत्रं सहकाऱ्यामार्फत घ्यायचा विचार असेल तर मी तो सोडायलाच सांगेन. बँका सहसा कर्जदाराला समक्ष बोलावतात किंवा मुखत्यारपत्र मागतात, आणि घराच्या कागदांसाठी एक दिवसाची रजा घेणं केव्हाही बरं. नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ ही दोन्ही मुख्यालयं असल्याने पदवी प्रमाणपत्रासाठी बाहेरगावचे लोक इथल्या ओळखीच्यांना पत्रं पाठवतात. तिथे घेणं-देणं एवढाच विषय असल्याने वरचा मसुदा, मर्यादेचा परिच्छेद लहान करून, पुरेसा होतो. विभागाचा स्वतःचा नमुना असेल तर तो आधी मागवा.

अधिकार बंद करणं

बेत बदलला, तुम्ही स्वतःच जाऊन आलात किंवा सहकाऱ्याशी बिनसलं, तर त्याला फोन करून “आता जाऊ नको” म्हणणं पुरत नाही. करार अधिनियमाच्या कलम २०८ प्रमाणे अधिकार काढून घेतल्याचा परिणाम प्रतिनिधीवर तेव्हा होतो जेव्हा त्याला ते कळतं, आणि त्रयस्थावर तेव्हा जेव्हा त्या त्रयस्थाला कळतं. म्हणून दोघांनाही लेखी कळवा. एचआरला ई-मेल: ‘दिनांक ______ चे (नाव) यांच्या नावे दिलेले अधिकारपत्र मी आजपासून रद्द केले आहे. त्याआधारे कागदपत्रे देऊ नयेत व सही घेऊ नये. पोच द्यावी.’ सहकाऱ्याला तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि मूळ पत्र त्याच्याकडे असेल तर ते परत मागा.

काम झालं असेल तरी एक ई-मेल करा. मिळालेल्या कागदांची नावं, मिळाल्याची तारीख, आणि ‘अंतिम हिशेबाचा तक्ता तपासत असून अर्जित रजेच्या १४ ऐवजी २२ दिवसांबाबत स्वतंत्रपणे लिहीत आहे’. तक्ता आला त्याच आठवड्यात हे गेलं पाहिजे, रजेच्या नोंदीचा स्क्रीनशॉट जोडून.